शेवटचे पन्नास फूट

तळखारच्या बांधावर मी कामाला लागलो तेव्हा बी.एस्सी. होऊन मला सहा महिने झाले होते. विषय रसायनशास्त्र. बांधकामाशी माझा संबंध एवढाच, की पनवेलला आमच्या आळीत राहणारे टिपणीस ओव्हरसियर खाडीकाठच्या बांधांची कामं बघत आणि त्यांना हाताखाली आकडेमोड करणारं कोणीतरी हवं होतं.

"तुला इंजिनियरिंग येत नाही हे बरंच आहे," ते म्हणाले. "येतं असं वाटणाऱ्यांनी मला फार छळलंय."

हे सत्तावन्न सालचं. तळखार म्हणजे चाळीस घरांचं गाव. पुढे खाडी, मागे भातखाचरं आणि या दोहोंच्या मध्ये चिखलाचा बांध. खाचरांची जमीन उधाणाच्या पाण्यापेक्षा खालची होती. बांध आहे म्हणून भात, नाहीतर खाजण. आजवर प्रत्येक घर आपल्या वाट्याचा बांध दरवर्षी स्वतः लिंपत आलं होतं. पण खाडी वळते त्या कोपऱ्यावर लाटा थेट आपटत आणि चिखल टिकत नसे. तिथला तीनशे फुटांचा तुकडा दगडाने मढवायचं ठरलं होतं. कामावर सगळे त्याला पिचिंग म्हणत.

काम कागदावर सोपं होतं. बांध दहा फूट उंच. खाडीकडचा उतार असा, की एक फूट वर चढायला दीड फूट पुढे जावं लागे. त्या उतारावर आधी सहा इंच चुरीचा थर, म्हणजे खडी, मुरूम आणि खाणीतल्या बारीक कपच्या. त्याच्यावर एक फूट जाडीचा दगड, एकाला एक भिडवून बसवलेला. किती दगड लागेल ते मी काढायचं होतं. मी नकाशा पसरला आणि पट्टीने उताराची रुंदी मोजली. दीड इंच भरली. एक इंचाला दहा फूट, म्हणजे पंधरा फूट. मी ती तीनदा मोजली, भिंगाखाली. पंधरा गुणिले तीनशे गुणिले एक, म्हणजे साडेचार हजार घनफूट. पंचेचाळीस ब्रास दगड आणि त्याच्या निम्मी चुरी. टिपणिसांकडे तेव्हा सहा कामं होती. माझं अक्षर नीटनेटकं पाहून त्यांनी सही केली.

दगड उरणच्या बाजूने मचव्यांतून भरतीबरोबर यायचा. बसवायचं काम दयारामकडे होतं. तो बेलपाड्याचा, चाळिशीचा. हातांची बोटं इतकी जाड की विडी त्यांत हरवून जायची. काम चालू असेपर्यंत तो तळखारातच, ठमाबाईकडे राही. ठमाबाई त्याची धाकटी बहीण. ती तळखारात दिली होती आणि नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. बांधाच्या अगदी पाठीशी, कोपऱ्याच्या टोकाला तिची तीन खाचरं होती. दिरांनी घरात वेगळी चूल मांडून दिली होती आणि ती तीन खाचरं. ती पिकली तर ठमाबाई तळखारची, नाहीतर तिला तिथे विचारणारं कोणी नव्हतं.

ती रोज दुपारी भावासाठी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण घेऊन बांधावर यायची आणि बोलत बसायची. बोलणं म्हणजे बहुतेक आम्हा दोघांची टवाळी.

"दादा, तुजा सायेब दगडाला भिंग लावून बगतो. दगडाला काय उवा झाल्यान?"

"गप बस गं बाय. शिकलेली मानसं हायेत ती."

"शिकलेला हाय म्हनून तर विचारते. ओ सायेब, माजी खाचरं किती लांब हायेत बांधापासून?"

मी म्हणायचो, "चौदा फूट."

"बगा! सासरा म्हनायचा, एक उडी. म्हंजे सासरा चौदा फूट उडायचा."

दयाराम हसायचा तेव्हा त्याचे खांदे हलत, आवाज येत नसे. मी दुपारची शिदोरी घरून आणायचो. पण पंधरा दिवसांत मला त्या कालवणाची चटक लागली. ठमाबाई एक भाकरी जास्त आणू लागली आणि त्याबद्दलही टोमणे मारू लागली.

दयारामचं काम मी तासन् तास बघायचो. पायथ्याशी आधी चर खणायचा, त्यात सगळ्यात मोठे दगड गाडायचे. वरच्या सगळ्या दगडांचा भार त्यांच्यावर. मग चुरी पसरून धुम्मसाने ठोकायची. मग दगड खालून वर एकेक. प्रत्येक दगड तो हातात फिरवून बघायचा आणि लांबट बाजू बांधाच्या आत जाईल असा उभा रोवायचा.

"आडवा घातला तर जागा जास्त झाकेल," मी एकदा म्हणालो.

"आडवा दगड म्हंजे पावना. लाट आली की निगून जातो. उभा दगड म्हंजे घरचा."

"आणि ही खालची चुरी कशाला? वर फूटभर दगड आहेच की."

त्याने हातातला दगड खाली ठेवला. "दगडा-दगडात फट राहतेच ना? भरतीला पानी आत जातं. ओहोटीला परत निगतं. निगताना रिकाम्या हाताने नाय निगत, चिखल घेऊन निगतं. चुरी हाय तर पानी गालून जातं, चिखल ऱ्हातो. चुरी नाय तर वरून बांध चांगला दिसतो आन् आत पोकल."

मला ते आवडलं. प्रयोगशाळेत आम्ही गाळणकागद वापरायचो तसंच हे. मी ते वहीत लिहून घेतलं.

सव्वाशे फूट काम झालं तेव्हा निम्मा दगड संपला होता. माझ्या हिशेबाने तेवढा दीडशे फुटांना पुरायला हवा होता. मी आधी मचवेवाल्यांना धरलं. थप्पी पोकळ रचता, असा वाद घातला. मग दयारामला म्हणालो, "तू जाडी जास्त घेतोस."

त्याने पहारीने एक बसवलेला दगड उपसून काढला आणि माझ्या हातातली पट्टी त्या खड्ड्यात उभी केली. चुरीपासून वरपर्यंत बरोबर बारा इंच. मग तो दगड परत बसवायला त्याला पाऊण तास लागला.

"उपसलेला दगड परत रुसून बसतो," एवढंच तो म्हणाला.

मे महिन्याच्या वीस तारखेला दगड संपला. चुरीही संपली. अडीचशे फूट झालं होतं, पन्नास राहिलं होतं. शेवटचा मचवा येऊन गेला होता. आता आगोट, म्हणजे पावसाळ्यासाठी बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारायचे दिवस. मचवे पुन्हा सुटणार नव्हते. त्यात दोन दिवस वळवाचा पाऊस पडून गेला होता आणि पळस्प्याकडून मुरूम आणायची गाडीवाट खारात गुडघाभर रुतत होती.

मी टेपचं एक टोक माथ्यावर धरलं आणि दुसरं दयारामला पायथ्याशी धरायला सांगितलं. टेप उतारावर ताणली. अठरा फूट.

मी पुन्हा ताणली. अठरा.

नकाशा म्हणजे वरून पाहिलेलं चित्र. वरून पाहिलं की उतार आखडतो. दहा उंचीचा वर्ग, पंधराचा वर्ग, बेरजेचं वर्गमूळ. शाळेत आठवीत शिकवतात. अठरा फूट आणि थोडं. लागणार होता चोपन्न ब्रास, मी मागवला पंचेचाळीस. भिंगाखाली मोजलेला दीड इंच अगदी बरोबर होता. तो ज्या चित्रावर मोजला ते चित्र चुकीचं होतं.

"काय झालं, सायेब?" दयारामने खालून विचारलं.

मी त्याला सांगितलं. तिथेच, लगेच. एवढं तरी मी केलं. त्याने टेपकडे पाहिलं, मग बांधाच्या उघड्या पन्नास फुटांकडे आणि मग त्यामागच्या खाचरांकडे. ती ठमाबाईची होती.

"मानूस चुकतो," तो म्हणाला. "टिपनीस सायबास्नी सांगा."

मी टिपणिसांना सांगायला हवं होतं. मी म्हणालो, आधी काही मार्ग निघतो का बघू.

मार्ग गावाने काढला. संध्याकाळी देवळापाशी गावकी बसली. काशीराम पाटलाने विचारलं, "किती दगड पायजे?" मी म्हणालो, नऊ ब्रास. ब्रास त्यांना कळेना. मी म्हणालो, दर घरामागे दोन-तीन माणसं बसतील एवढा ढीग. पाटील म्हणाला, "मंग घरातूनच काडू."

आणि त्यांनी काढला. अंगणाच्या कडेचे, गोठ्यातले, परड्याच्या गडग्याचे आणि ते संपले तेव्हा घरांच्या जोत्यांचे. चार दिवस चाळीस घरांतल्या बायका आणि पुरुष डोक्यावर चुंबळ ठेवून दगड वाहत होते. ठमाबाईने आपल्या जोत्याची पुढची सगळी ओळ दिली. नवऱ्याने लग्नाच्या वर्षी घडवून घेतलेली. "घर दोन पायरी खाली आलं," ती म्हणाली, "आता सासरा वरून उडी मारेल तर चौदा फूट नाय जानार."

दगड आला, चुरी नव्हती. दयाराम माझ्याकडे आला.

"सायेब, नऊ ब्रासातलं सा ठेवू. तीन फोडून चुरी करू. दगड आठ इंच बसेल, खाली चार इंच चुरी. चालेल."

"नकाशात दगड एक फूट आहे," मी म्हणालो. "टिपणीस पट्टी घालून बघतील. आठ इंच निघाला तर?"

"चुरी नसंल तर पट्टीत दिसत नाय. पर दर्याला दिसतं."

माझ्या मनात त्या क्षणी दर्या नव्हता, पट्टी होती. एका आकड्यात मी चुकलो होतो. आता सगळे आकडे कागदाबरहुकूम भरावेत एवढंच मला हवं होतं. शेवटी मी म्हणालो, "गावाला विचार. दगड त्यांचा आहे."

मला ठाऊक होतं गाव काय म्हणेल. जोत्याचा दगड घर बांधताना पुजलेला असतो. तो बांधाला द्यायला कोणाची हरकत नव्हती, कारण बांध म्हणजे गावाचं जोतंच. पण त्यावर हातोडा घालायचा म्हणजे घर फोडायचं. काशीराम पाटलाने कानांवर हात ठेवले. बायका तर आपापल्या ढिगापाशी जाऊन उभ्या राहिल्या. दयारामने घण उचलला आणि एका दगडापाशी गेला. तो ठमाबाईचा होता, छिन्नीने कडा काढलेला. ती नुसती बघत होती. त्याने घण खाली ठेवला.

"बसवतो अख्खा," तो म्हणाला.

त्याने दगडाखाली भाताचा पेंढा पसरला, हातभर जाड, दाबून विताएवढा. हे त्याने आपल्या मनाने केलं. त्यावर ते पन्नास फूट असे बसवले की आधीचे अडीचशे त्याच्यापुढे ओबडधोबड वाटावेत. घडवलेले दगड, सरळ कडा, सुरी जाणार नाही अशा फटी. ठमाबाईने विचारलं, "दादा, टिकंल ना?" तो म्हणाला, "टिकंल." मी शेजारीच उभा होतो.

मेअखेरीस टिपणीस आले. त्यांनी टेप धरली, तीनशे फूट भरले. एकशेवीस फुटांपाशी एक दगड उपसायला लावला, चुरी पाहिली, पट्टी घातली. "सगळीकडे असंच?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

पावसाळ्यात माझं काम उघाडीच्या दारावर होतं. भरतीला बंद होणारी आणि ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडणारी ती झडप नीट चालते का, हे बघायला मी आठवड्यातून दोनदा तळखारला जायचो. जूनमध्ये मला एक कल्पना सुचली. ओहोटी लागली की पिचिंगच्या फटींतून पाणी झिरपत बाहेर येतं. मी दोन बाटल्या नेल्या. एक आधीच्या भागातल्या पाण्याने भरली, दुसरी शेवटच्या पन्नास फुटांतल्या. घरी नेऊन खिडकीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही सारख्याच नितळ. मी फार खूश झालो. पेंढा गाळणीचं काम करत होता. मला वाटलं, दयारामच्या शास्त्रात मी एक नवी भर घातली.

पेंढा कुजतो, हे रसायनशास्त्राच्या पदवीधराला वेगळं सांगायला नको होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा बाटल्या भरल्या. पहिली नितळच. दुसरी भरतानाच राखाडी दिसली. सकाळी तिच्या तळाशी दोन बोटं चिखल बसला होता. एका ओहोटीला एका फटीतून एवढा, तर पन्नास फुटांतून किती, आणि दिवसाला दोन ओहोट्या. गुणाकार मला येत होता.

दयाराम तेव्हा बहिणीच्या लावणीला आला होता. मी त्याला बाटली दाखवली. खाचरातून वर येऊन त्याने चिखलाच्या हातांनीच ती घेतली, हलवली, परत दिली.

"ठावं हाय," तो म्हणाला. "मी रोज पाय आपटून बगतो. आदी दगड खन् वाजायचा. आता बद् वाजतो."

"आता काय करायचं?"

"अष्टमीला भांग हाय, बारकी भरती. पानी बांधाला लागनार नाय, चार दिवस मिलतील. दगड उचलू, खाली चुरी भरू, परत बसवू. पर चुरी तुमी आनायची. सायबास्नी सांगून. होडीतून, कशीबी."

अष्टमीला सहा दिवस होते. मी घरी येऊन टिपणिसांना चिठ्ठी लिहायला बसलो. उताराची लांबी चुकल्याचं लिहिलं. मग गावचा दगड. मग चुरी नसल्याचं. मग ते 'हो'. तिथे आलो की मला कागद बदलावासा वाटे. एकदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. ते जेवायला बसले होते, आतून हसण्याचा आवाज येत होता. मी परतलो. अष्टमी आली, गेली. आकाश मोकळं होतं, भांगाचं पाणी बांधाच्या पायथ्यालाच होतं. दयाराम चारही दिवस बांधावर बसून होता, असं मला नंतर कळलं.

आषाढातल्या अमावास्येला मी सकाळीच तळखारला गेलो. घरी थांबवेना. भरती साडेबाराची होती आणि वारा खाडीकडून होता.

अकराच्या सुमारास लाटा उताराच्या मध्यावर आपटू लागल्या. आधी एकच दगड आत गेला. पडला नाही, नुसता आत गेला, जसा कोणी उशीत अंगठा दाबावा. मग त्याच्या शेजारचे दोन. दयाराम ओरडला. लोक पेंढ्याचे भारे आणि चिखलाच्या पाट्या घेऊन धावले. पण वरचे दगड खालच्यांच्या आधाराने उभे असतात. मधली ओळ खचली तशी माथ्याकडची सगळी घसरून खाली आली आणि मागचा चिखल उघडा पडला. पुढच्या लाटांनी तो खरवस कापावा तसा कापला. अडीचशे फूट शेजारी जसेच्या तसे उभे होते. त्यांच्यावरून पाणी चढत होतं आणि उतरत होतं.

काशीराम पाटील खाचरांकडे बघत होता. ठमाबाईच्या खाचरांमागे एक आतला बांध होता, कमरेइतका. तो वाढवला तर बाकीच्या गावाचं शेत वाचत होतं. ठमाबाईचं त्या बांधाच्या बाहेर पडत होतं.

"बाय..." पाटील म्हणाला आणि थांबला.

ठमाबाईने डोक्यावरची पाटी आतल्या बांधावर ओतली. "बगता काय? पानी थांबनार हाय का तुमच्यासाठी?"

मग सगळ्यांनी त्या बांधावर चिखल टाकला. तिनेही टाकला, तिच्याच खाचरातला, पंधराच दिवसांपूर्वी लावलेली रोपं त्यात होती. पाऊण तासात खाडी आत आली. आतला बांध टिकला. पाण्याच्या अलीकडे सदतीस घरांची आणि दोन दिरांची शेतं हिरवी होती. पलीकडे तिची तीन खाचरं नव्हतीच.

मी त्याच दिवशी टिपणिसांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "मी शेवटच्या भागातला दगड उपसायला हवा होता," एवढं म्हणून ते चष्मा पुसत राहिले. मला कामावरून कमी केलं. पावसाळा संपेपर्यंत फुटलेला बांध बांधता येणार नव्हता. तोवर दर उधाणाला त्या खाचरांत खाडीचं पाणी भरत राहिलं. बांध नीट झाल्यावरही, जुने लोक म्हणाले, तीन पावसाळे जमीन धुवावी लागते, तेव्हा कुठे भात धरतं.

गावकीत मी उभा राहून सांगितलं की चूक माझी. उताराची लांबी मी चुकलो. लोक ऐकून घेत होते. कोणी शिवीसुद्धा दिली नाही. ठमाबाई बायकांत बसली होती. ती म्हणाली, "सांगलंत ते बरं केलंत. तुमाला काय ठावं, तुमी कुठं कधी बांध लिपलान." आणि मी निघताना तिने मला पेज घ्यायला लावली. दोन पायऱ्या खाली आलेल्या घरात मी पेज प्यालो.

दिवाळीनंतर बांधाचं काम पुन्हा निघालं. मी दयारामला भेटायला गेलो. दगड दुसराच कोणी बसवत होता. दयाराम त्याला चुरीच्या पाट्या डोक्यावरून आणून देत होता.

"हे काय?" मी म्हणालो. "बसवत का नाहीस?"

"हात बसत नाय," तो म्हणाला. त्याने पाटी ओतली, विडी काढली आणि पुन्हा खिशात ठेवली. "बाय बोलत नाय माज्याशी. मी बेलपाड्यास्नं येऊन-जाऊन करतो."

"मी तिला सगळं सांगितलंय. माझी चूक होती म्हणून."

"तेच तर. ती म्हनली, सायेबाला ठावं नव्हतं. तुला ठावं होतं. ठावं असून टिकंल म्हनलास." तो खाडीकडे बघत होता. "खोटं काय बोलली नाय ती."

तेव्हा मला उमजलं की मी तिला सगळं सांगितलंच नव्हतं. उताराची लांबी सांगितली होती, जी न कळून चुकली. दयाराम आठ इंचांचं म्हणाला होता आणि मी नकाशा पुढे केला, हे सांगितलं नव्हतं. बाटली सांगितली नव्हती. अष्टमीचे चार दिवस सांगितले नव्हते.

"मी जाऊन सांगतो तिला," मी म्हणालो. "मलाही ठाऊक होतं. बाटली पाहिल्यापासून होतं."

दयाराम एकदम वळला. "नका."

"का? तुझ्यावरचा राग तरी..."

"माज्यावरचा नाय जानार. तुमच्यावर अजून एक होईल. ती आता मिठागरावर मजुरीला गेली, तितं एकली हाय, सायेब. दिरांनी चूल काडून घेतली. मागच्या जत्रंत भेटली कोनाला, तर तुमचंच इचारत होती. सायेब भाकरी खातो का कुनाकडं म्हनून. ऱ्हाऊ द्या तिला एक मानूस."

मी मान हलवली. पण घरी येऊन मला झोप लागेना. अर्धवट उत्तर लिहून पेपर दिल्यासारखं वाटत होतं. मला वाटलं, खरं पूर्ण सांगितलं तर निदान भावाचं ओझं निम्मं होईल. आठ दिवसांनी मी उरणकडच्या मिठागरावर गेलो.

ती गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी राहून लांब दांड्याच्या फावड्याने मीठ कडेला ओढत होती. पायांना फडकी गुंडाळलेली. मला पाहून हसली. "या सायेब! हितं फूट-इंच कायबी नाय, नुसतं मीठ."

मी कडेला उभा राहून सांगितलं. दयाराम काय म्हणाला होता, मी काय म्हणालो होतो. जूनमधली बाटली, जुलैमधली बाटली. अष्टमी. टिपणिसांच्या दारातून परत आलो ते. काही गाळलं नाही. दयारामने मला बजावलं होतं, हेसुद्धा सांगितलं.

ती ऐकत होती तेव्हा फावडं थांबलेलं होतं. माझं संपलं तरी ते तसंच थांबून राहिलं. मिठावरून उन्हाची तिरीप येत होती, तिने डोळ्यांवर हात धरला होता आणि चेहरा मला दिसत नव्हता.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मंग आता मी बोलू कोनाशी?" ती म्हणाली.

तिने फावडं पुढे टाकलं आणि मीठ ओढायला लागली. तिने मान वर केली नाही. मग मी पनवेलच्या रस्त्याला लागलो.